चटणी कुणाची, टॅग कुणाला

हुरड्याचे दिवस होते, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर आली होती, आणि जुळे सोलापुरातल्या एका तरुणाने शेंगा चटणीवर पोस्ट टाकली. फोटो देखणा होता. उखळात कुटून तेल सुटलेली लालभडक चटणी, कडेला ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, मुसळीवर काकूंचा हात, आणि खिडकीतून आलेलं तिरकं ऊन काकूंच्या अर्ध्या चेहऱ्यावर. मजकूरही मनापासून लिहिलेला. मिक्सरमध्ये शेंगदाण्याचा नुसता भुगा होतो, उखळात तो चेपला जातो म्हणून तेल सुटतं आणि चटणी मुठीत धरली की गोळा होते, हे त्याने नीट समजावलं होतं. काकू त्याच्या मित्राच्या आई. हे ज्ञान त्यांचं, म्हणून फोटोवर त्यांना टॅग केलं होतं. दुपारपर्यंत खाली रांग लागली. ‘किलोचा भाव काय?’ ‘पुण्याला पाठवता का?’ ‘नंबर द्या.’ आणि मधेच कुणा पुतण्याचं, ‘काकू, हे कधीपासून चालू केलं? काकांना माहीत आहे ना?’ पुढे हसणारे पिवळे चेहरे. संध्याकाळी बघितलं तर टॅग गेलेला. तरुण मित्रांपाशी कुरकुरला, ‘काय बे, एवढं चांगलं लिहिलं, नाव दिलं, तर टॅगच काढून टाकला.’

त्याचं दुखणं खरं होतं. काकूंचंही खरं होतं.

या प्रकारात कुणी वाईट नव्हतं, म्हणूनच तो डोक्यातून जात नाही. नाव न देता दुसऱ्याची कला वापरणाऱ्यांबद्दल बोलणं सोपं असतं. इथे उलट झालं होतं. नाव दिलं आणि त्यानेच अडचण केली. याचं कारण काकूंच्या स्वभावात किंवा तरुणाच्या उत्साहात शोधू नये, ते टॅग नावाच्या गोष्टीतच आहे. टॅग एका बोटाच्या टोचणीने तीन कामं करतो. पहिलं काम श्रेय देण्याचं, म्हणजे ‘हे यांचं आहे’. दुसरं हाक मारण्याचं. त्या माणसाच्या फोनवर सूचना वाजते आणि आता तुम्ही इकडे या, बघा, काहीतरी म्हणा, असं न बोलता सांगितलं जातं. तिसरं काम पत्ता दाखवण्याचं. नावावर बोट ठेवलं की कुणीही थेट त्या माणसाच्या दाराशी पोचतो. आपल्या मनात बहुतेक वेळा फक्त पहिलं काम असतं. उरलेली दोन आपोआप होतात, आणि त्यांची किंमत समोरच्याला मोजावी लागते.

सोलापूरच्या कुठल्याही चौकात उभं राहिलं तर याचं जुनं रूप दिसतं. वाढदिवसाचा फ्लेक्स. मधे उत्सवमूर्तीचा मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुक म्हणून चाळीसेक छोटे चेहरे, एका मापाचे, एका ओळीत. त्यांतल्या किती जणांना विचारून फोटो लावला असेल? काहींना आपण शुभेच्छुक आहोत हे चौकात आल्यावरच कळतं. राहिलेला रुसतो, लावलेला अवघडतो, आणि काढा म्हणायची सोय कुणालाच नसते. वीस जणांना टॅग केलेली पोस्ट मला याच फ्लेक्ससारखी दिसते. इन्स्टाग्राम एका पोस्टवर वीस जणांचे टॅग घेतं. घेतं म्हणून ते सगळे भरायचे असं काही नाही, पण रिकामी जागा दिसली की आपला हात थांबत नाही. आणि फोटोवर सगळे टॅग सारखेच दिसतात. चटणी केली कुणी, फोटो काढला कुणी आणि नुसती खाल्ली कुणी, हे टॅग सांगत नाही. त्यासाठी शब्दच लिहावे लागतात.

आता काकूंच्या बाबतीत पडद्याआड काय झालं ते बघू, कारण लोक इथेच फसतात. तरुणाने ती पोस्ट फेसबुकवर फक्त मित्रांसाठी ठेवली होती. त्याला वाटलं, आपलेच लोक बघणार. पण फेसबुकवर कुणाला टॅग केलं की, काही बदल केलेला नसेल तर, पोस्टचा प्रेक्षकवर्ग वाढतो आणि टॅग झालेल्याच्या मित्रांनाही ती दिसू लागते. म्हणजे तरुणाच्या मित्रांत काकूंचे सगळे सासरमाहेर मिळाले. तो पुतण्या तरुणाच्या यादीत नव्हताच, तो काकूंच्या यादीतून आला. पोस्ट करणाऱ्याला हे टाळता येतं. प्रेक्षक निवडताना Custom मध्ये गेलं की Friends of tagged अशी खूण असते, ती काढायची. पण तिथवर जातो कोण?

काकूंनी प्रोफाइलला कुलूप लावलं होतं. भारतात ही सोय आली तेव्हा अनेक बायकांनी ती लगेच वापरली, आणि ती चांगलीच आहे. कुलूप लावलं की टॅग झालेल्या पोस्ट आधी आपल्याला विचारतात, मगच आपल्या पानावर येतात. पण हे कुलूप काकूंच्या भिंतीला आहे, आणि पोस्ट तरुणाच्या भिंतीवर आहे. काकूंनी परवानगी दिली नाही तर ती त्यांच्या पानावर येणार नाही, एवढंच. तरुणाच्या भिंतीवर मात्र ती जशीच्या तशी राहते, नाव आणि दुवा दोन्ही घेऊन. ‘त्यांचं प्रोफाइल लॉक आहे, मग काय हरकत’ असं म्हणणारे ही गोष्ट विसरतात. इन्स्टाग्रामवरही तसंच. खासगी अकाउंटचे फोटो बाहेरच्याला दिसत नाहीत, पण फोटोवर टॅग केलेलं नाव सगळ्यांना दिसतं. त्यावर दाबलं की छोटा चेहरा, नाव आणि फॉलो करण्याची विनंती पाठवायचं बटण समोर येतं. मग दिवसभर अनोळखी विनंत्या येत राहतात आणि काकू एकेक नाकारत बसतात.

आणखी एक गोष्ट होती, ती पोस्ट करणाऱ्याच्या लक्षातही आली नसेल. काकू चटणी ओळखीच्या चार घरांत विकत होत्या, गाजावाजा न करता. घरून खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती झाली आहे का, घरात या व्यवसायाबद्दल काय बोलणं आहे, चार घरांच्या वर ऑर्डर झेपणार आहेत का, यांतलं काहीही त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं कारणही नव्हतं. ‘काकू चटणी छान करतात’ हे वाक्य कौतुकाचं आहे. ‘काकू चटणी विकतात’ ही माहिती आहे, आणि ती जाहीर करायची की नाही हे काकूंनी ठरवायचं. फोटोत मागच्या फडताळावर पाकिटं रचून ठेवलेली होती. पाकिटावरच्या स्टिकरवर मोबाइल नंबर होता आणि फोटो मोठा करून पाहिला की तो वाचता येत होता. टॅग काढूनही नंबर तिथेच राहिला.

म्हणून पोस्ट टाकण्याआधी फोटो दोन बोटांनी मोठा करून चारी कोपरे बघायचे. दारावरची पाटी, गाडीचा नंबर, कॅलेंडरवर खरडलेले आकडे, शाळेच्या गणवेशावरचं नाव. स्थळ टाकायचंच असेल तर ‘सोलापूर’ पुरतं. गल्ली, अपार्टमेंट किंवा शेजारचं मंगल कार्यालय टाकलं तर नाव न देताही घर सापडतं. शब्दांतूनही माणूस ओळखू येतो, आणि ही चूक फोटोतल्या चुकीपेक्षा लपून राहते. ‘आमच्या शेजारच्या काकू’ असं लिहिलं आणि तुमचं घर सगळ्यांना माहीत असेल, तर नाव झाकून काय साधलं? या पोस्टमध्ये तर शेवटी ‘घरी बोलावल्याबद्दल आभार’ म्हणून मित्राला टॅग केलं होतं. मित्राच्या पानावर आईबरोबरचे फोटो. काकूंनी स्वतःचा टॅग काढला, पण मुलाच्या नावावरून त्यांच्यापर्यंत जाणारी वाट उघडीच राहिली. एखाद्याचं नाव द्यायचं नसेल तर त्याला जोडलेल्या माणसाचंही देऊ नये, निदान त्या पोस्टमध्ये तरी.

मग विचारायचं कसं? ‘टाकू ना काकू? चालेल ना?’ असं उंबऱ्यात चप्पल घालताना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘टाक की रे.’ आपल्याकडे चहा पाजलेल्या पोराला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. त्या होकारात संमती किती आणि भीड किती हे काकूंनाही सांगता येणार नाही. हो किंवा नाही असं उत्तर मागणारा प्रश्न टाळावा आणि पर्याय द्यावेत, तेही घरी गेल्यावर, फोनवर, एकट्याला. घरच्या ग्रुपवर विचारलं तर पुन्हा भीडच. मेसेज साधारण असा असला की काम होतं:

‘नमस्कार काकू. परवा चटणीचा फोटो काढला त्यावर लिहिलं आहे. फोटो आणि मजकूर सोबत पाठवतोय. तुमचं नाव कसं देऊ? एक, नाव नको, फक्त “एका काकूंनी शिकवलं”. दोन, नुसतं पहिलं नाव. तीन, पूर्ण नाव. चार, पूर्ण नाव आणि तुमच्या अकाउंटचा टॅग. टॅग केला तर तुमच्या नातेवाइकांनाही पोस्ट दिसेल आणि अनोळखी लोक तुम्हाला मेसेज करू शकतील. चेहरा नको असेल तर फक्त हाताचा फोटो टाकतो. रविवारपर्यंत कळवा. नाही कळवलं तर नाव आणि चेहरा दोन्ही घेणार नाही.’

यात क्रम मुद्दाम तसा आहे. सगळ्यांत कमी उघड करणारा पर्याय पहिला, म्हणजे तो निवडताना आपण नकार देतोय असं वाटत नाही. टॅगने काय होतं ते साध्या शब्दांत सांगितलं आहे, कारण ‘टॅग’ म्हणजे नाव छापणं असाच पुष्कळांचा समज असतो. उत्तर आलं नाही तर काय करणार हेही आधीच सांगितलं आहे, आणि ते कमीच्या बाजूने आहे. ‘काही बोलला नाहीत म्हणजे चालतंय असं धरतो’ ही आपली नेहमीची सवय इथे उलटी करायची. मजकूर सोबत पाठवल्याने आणखी एक फायदा होतो, चुका सापडतात. जिरं भाजून घालायचं की कच्चं, हे काकू लगेच दुरुस्त करतील. वाचायला कंटाळणाऱ्या माणसाला हेच सगळं बोलून, व्हॉइस मेसेजने पाठवावं. सोलापूरच्या पूर्व भागात मागावर काम करणाऱ्या एखाद्या तेलुगू घरातल्या आजोबांबद्दल लिहिलं असेल तर नातवाला मजकूर तेलुगूतून वाचून दाखवायला सांगावं. नातवाने स्वतःच होकार देऊन टाकला तर तो आजोबांचा होकार धरू नये.

काकूंच्या पोस्टमध्ये आणखी एक माणूस होता, तो फोटो काढणारा. त्याचं नाव सगळ्यांत शेवटी, हॅशटॅगच्या ढिगाऱ्याखाली आलं होतं. गंमत बघा, ज्याला टॅग हवा होता त्याला तो मिळाला नाही आणि जिला नको होता तिला मिळाला. छायाचित्रकाराची गोष्ट अगदी निराळी असते. त्याचं अकाउंट म्हणजे त्याची शोकेस. कुणी नावावर दाबून त्याच्या दाराशी यावं हेच त्याला हवं असतं, त्यातून पुढचं काम मिळतं. त्याच्या बाबतीत तिन्ही कामं एकाच दिशेने जातात, तेव्हा बिनधास्त टॅग करावं. फक्त नीट करावं. इन्स्टाग्रामवर मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळी दिसतात, बाकीचं more च्या मागे जातं, आणि ते दाबणारे थोडेच. म्हणून ‘फोटो:’ आणि पुढे त्याचं अकाउंट हे पहिल्या दोन ओळींतच यायला हवं. फोटोवरचा टॅग वेगळा करायचा, आणि तो काकूंच्या चेहऱ्यावर किंवा हातावर ठेवू नये, रिकाम्या कोपऱ्यात ठेवावा. नाहीतर बघणाऱ्याला वाटतं मुसळ धरणाराच तो. फोटोवरच्या टॅगने पोस्ट त्याच्या पानावरच्या टॅगच्या कप्प्यात जाते, नुसत्या मजकुरातल्या उल्लेखाने जात नाही. त्याला दोन्ही हवं असतं.

तरी टॅग म्हणजे परवानगी नव्हे, हे इथे सांगायला हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. फोटो न विचारता उचलून खाली ‘साभार’ लिहिलं तर श्रेय दिलं असं होईल, हक्क मिळाला असं होणार नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोत, लग्नाच्या वगैरे, वेगळा करार नसेल तर मालकी सहसा पैसे देणाऱ्याकडे जाते, पण ‘हा मी काढला’ असं म्हणायचा काढणाऱ्याचा हक्क जात नाही. तेव्हा मूळ फाइल मागावी, कोपऱ्यातली सही कापू नये, आणि रंग बदलले असतील तर दाखवून घ्यावे.

इन्स्टाग्रामवर कोलॅबरेटर म्हणून आमंत्रण पाठवायची सोय याहून जड आहे. समोरच्याने स्वीकारलं की तीच पोस्ट दोघांच्या पानांवर दिसते, लाइक आणि कमेंटही एकत्र मोजले जातात. खरोखर दोघांनी मिळून केलेल्या कामाला ती शोभते. पण मजकूर बदलण्याचं काम मूळ पोस्ट करणाऱ्याकडेच राहतं, आणि खालचे शेरे मात्र दोघांनाही झेलावे लागतात. न बोलता असं आमंत्रण पाठवणं म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाच्या पाटीवर आपला मजकूर रंगवू का असं विचारत ब्रश हातात देण्यासारखं आहे, असं कुणी म्हणेल. मी एवढंच म्हणेन की आधी फोन करावा.

हाक मारल्याने येणारं दडपण हे पत्ता उघडा पडण्याइतकं ठळक दिसत नाही, पण टोचतं. पोस्टमध्ये शहरातल्या एका मोठ्या खाद्यपदार्थांच्या पानालाही टॅग केलं होतं. त्या पानाचा चटणीशी काही संबंध नव्हता. त्यांनी उचलून धरावं आणि पोस्ट पसरावी, एवढाच हेतू. शिवाय दहा-बारा मित्र, ज्यांनी फक्त खायला यायचं वचन दिलं होतं. हा टॅग श्रेयाचा नाही, हा मागणीचा आहे. मागणी करावी, त्यात पाप नाही, पण ती खासगीत करावी, म्हणजे समोरच्याला गप्प राहायची मोकळीक मिळते. सगळ्यांदेखत हाक मारली की गप्प राहणंही उत्तर ठरतं. ‘सर, आपलं मत वाचायला आवडेल’ असं लिहून निवृत्त शिक्षकांना टॅग करणारे पुष्कळ. सरांना चटणीबद्दल मत नसेल, किंवा असेल ते वाईट असेल, तरी काहीतरी गोड लिहावं लागतं. मदतीच्या आवाहनात ऐपतदार मित्राचं नाव घालणं तर सरळसरळ खिशात हात घालणं आहे.

स्टोरीतला उल्लेख सगळ्यांत हलका वाटतो, कारण चोवीस तासांत जातो. पण तो समोरच्याच्या मेसेजच्या खिडकीत येऊन बसतो आणि स्वतःच्या स्टोरीत घाला असं बटण दाखवतो. नाही घातलं तर पाठवणाऱ्याला कळतंच. म्हणून सोबत एक ओळ द्यावी, ‘फक्त कळावं म्हणून, पुढे टाकायची गरज नाही.’ एवढ्या ओळीने हाकेचं ओझं बरंचसं उतरतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये ॲट लावून नाव घेतलं तर ग्रुप म्यूट केलेल्या माणसालाही सूचना जाऊ शकते. सोसायटीचा ग्रुप म्यूट करून दुपारी डोळा लागलेल्या काकांना ‘चटणी खाल्ली का?’ म्हणून उठवायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

तर ही पोस्ट नीट केली असती तर कशी दिसली असती? फोटो हातांचा आणि उखळाचा, फडताळ कापलेलं. पहिली ओळ, ‘उखळातली शेंगा चटणी.’ दुसरी ओळ, ‘कृती आणि हात: सोलापूरच्या एका काकू, ज्यांना नाव नको आहे. फोटो:’ आणि पुढे छायाचित्रकाराचं अकाउंट. मग कृती. मित्राचे आभार फोनवर. खाद्यपदार्थांच्या पानाला टॅग नाही, हवंच तर वेगळा मेसेज. एकच टॅग आणि एक बिननावाचं श्रेय. ‘ज्यांना नाव नको आहे’ हे शब्द गाळू नयेत. त्यांनी दोन गोष्टी होतात. वाचणाऱ्याला कळतं की श्रेय कुणी चोरलेलं नाही, आणि ‘कोण हो या?’ असं विचारणाऱ्याला आधीच उत्तर मिळतं. नाव चालत असेल, टॅग नको असेल, तर नुसतं नाव साध्या अक्षरांत लिहायचं, ॲट न लावता. सूचना जात नाही, दुवा होत नाही. आणि ज्यांचं अकाउंटच नाही अशा माणसांना, म्हणजे आपल्या शहरातल्या निम्म्या जाणत्यांना, श्रेय द्यायची हीच रीत आहे. त्यांना पोस्ट छापून नेऊन दाखवली तर फारच बरं.

पोस्ट टाकली की काम संपत नाही. पहिला तास-दोन तास खालच्या कमेंटवर नजर ठेवावी लागते, कारण जे नाव तुम्ही झाकलं ते ओळखीचा कुणीतरी हौसेने लिहून टाकतो. ‘अरे, या तर आमच्या अमक्या काकू!’ आणि त्यांना टॅग. त्याच्याशी वाद घालू नये. कमेंट काढावी आणि त्याला खासगीत कारण सांगावं. इन्स्टाग्रामच्या Hidden Words मध्ये आपण ठरवलेले शब्द असलेल्या कमेंट लपवता येतात. तिथे आधीच त्या व्यक्तीचं नाव आणि आडनाव मराठी व इंग्रजी दोन्ही लिपींत घालून ठेवलं तर रात्री झोप लागते. फेसबुकवर आपल्या पोस्टवर दुसऱ्यांनी लावलेले टॅग आधी आपल्याला दाखवायची सोय चालू करता येते. ऑर्डरचे प्रश्न येऊ लागले तर ‘ही विक्रीची पोस्ट नाही’ अशी एक कमेंट वर टाचून ठेवावी.

आणि टॅग निघून गेलेला दिसला तर? तो दिसेलच, सांगत कुणी येणार नाही. समोरच्याने फोटोवरचा टॅग काढला असला तरी मजकुरातलं नाव तसंच राहिलेलं असू शकतं. ते आपण एडिट करून काढायचं, पुन्हा टॅग करायचं नाही, आणि खाली ‘काकू, टॅग का काढला?’ असं तर मुळीच विचारायचं नाही. ‘टॅग काढलेला पाहिला, मजकुरातलंही नाव काढलं, फोटो काढू का?’ एवढा मेसेज पुरतो. फोटोबद्दलचा प्रश्न महत्त्वाचा, कारण माणूस टॅग काढण्याइतपतच धीर करतो, फोटो काढ म्हणायला कचरतो.

चुकीच्या माणसाला टॅग होणं हा गड्ड्याच्या दिवसांतला खास घोटाळा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत सगळे पांढऱ्या बाराबंदीत, डोळ्यांवर ऊन, चेहरे सारखे भासतात. फेसबुकने चेहरे ओळखून नाव सुचवणं २०२१ च्या शेवटी बंद केलं, तेव्हापासून नाव हातानेच निवडावं लागतं. तीन अक्षरं टाइप केली की यादी येते आणि घाईत पहिल्या नावावर बोट पडतं. आडनावं तीच, नावं तीच. मिरवणुकीत नसलेला माणूस टॅग होतो, आणि त्या दिवशी त्याने ऑफिसात आजारी असल्याचं कळवलेलं असतं. निवडण्याआधी छोटा चेहरा आणि सामाईक मित्र बघितले की हे टळतं. गर्दीच्या फोटोत तर टॅग करूच नये. नंदीध्वजाची काठी पेलणाऱ्यांच्या गटाचं नाव मजकुरात लिहावं आणि ज्यांना हवं ते स्वतःहून आपलं नाव सांगतील, मग लावावं.

दरवर्षी जानेवारीत फेसबुक जुन्या आठवणी वर काढतं आणि आपण त्या भराभर पुन्हा टाकतो. जुन्या पोस्टबरोबर जुने टॅगही पुन्हा लोकांसमोर येतात. तेव्हा हो म्हणालेल्या मुलीने मधल्या काळात गाव बदललेलं असतं, कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचं जुळलेलं मोडलेलं असतं, आणि फोटोत दोघं हसत उभी असतात. तेव्हाचा होकार आज धरता येत नाही. त्यामुळे आठवण पुन्हा टाकण्याआधी मूळ पोस्टवरचे टॅग एकदा उघडून बघावेत. जवळून काढलेल्या चेहऱ्यांचे आधी, जोडप्यांचे आणि लहान मुलांचे त्याहून आधी. ज्यांना विचारणं आता अवघड वाटतं त्यांचे टॅग न विचारता काढून टाकावेत, त्याबद्दल सहसा कुणी तक्रार करत नाही. छायाचित्रकाराचा मात्र राहू द्यावा.